निळा ठिपका कुणी बघायचा?

*डॉक्टर, माझा मुलगा दहा वर्षांचा. पंधरा दिवसांमागे शनिवारी संध्याकाळी फुटबॉल खेळून आला आणि खाली उजव्या बाजूला दुखतंय म्हणाला. चेंडू लागला असेल असं वाटलं. सासूबाईंनी एरंडाचं पान गरम करून शेकलं. रविवारी अंघोळ घालताना गोळीच्या वरच्या टोकाला कातडीखाली निळा ठिपका दिसला, शाईचा असतो तसा. नेटवर वाचलं की निळा ठिपका असला तर काळजीचं कारण नाही, म्हणून थांबलो. सोमवारी सकाळी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून सोनोग्राफी केली. ‘टॉर्शन आहे, पण अपेंडिक्सचं, ऑपरेशन नको’ म्हणाले आणि दुखण्याचं औषध देऊन घरी पाठवलं. आता दुखणं गेलंय, थोडी सूज आहे. पण माझा भाऊ म्हणतो, टॉर्शनला सहा तासांत ऑपरेशन करावं लागतं, नाहीतर गोळी जाते. मग डॉक्टर चुकले का? पुढे मूलबाळ होण्यात अडचण येईल का? आणि परत दुखलं तर काय करू?*

*– एक आई, डिचोली*

ताई, तुमचे डॉक्टर चुकले नाहीत आणि तुमचा भाऊही चुकलेला नाही. दोघं दोन वेगळ्या दुखण्यांबद्दल बोलत आहेत, नाव मात्र एकच. चूक झाली ती रविवारची. तिच्याकडे शेवटी येतो, कारण आधी हे दोन पीळ वेगळे करून दाखवल्याशिवाय ती चूक नेमकी कुठे होती ते कळणार नाही.

टॉर्शन म्हणजे पीळ. पोहरा जसा दोरीला टांगलेला असतो तसं प्रत्येक वृषण, म्हणजे तुम्ही म्हणता ती गोळी, एका दोरीला टांगलेलं असतं. आम्ही तिला कॉर्ड म्हणतो. रक्त आणणारी रोहिणी, रक्त परत नेणाऱ्या नीला आणि वीर्यनलिका, सगळं त्या एकाच दोरीतून जातं. दोरीलाच पीळ पडला की आधी नीला दबतात. रक्त आत येतं पण बाहेर पडत नाही, वृषण फुगतं, कडक होतं आणि मग रोहिणीही बंद पडते. तुमचा भाऊ सांगतो ते हेच, खरं टॉर्शन. सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर दहांतली नऊ किंवा त्याहून जास्त वृषणं वाचतात. बारा तासांपर्यंत हे प्रमाण निम्म्यावर येतं आणि चोवीस तास उलटले की दहांतलं एखादंच हाती लागतं. पीळ अर्धवट असला तर थोडी जास्त सवड मिळते, दोनदा गरगर फिरलेला असला तर सहा तासही मिळत नाहीत. म्हणून हे आकडे घाई करण्यासाठी वापरायचे. ‘वेळ तर गेलीच, आता सकाळी जाऊ’ असं म्हणण्यासाठी नव्हे.

दुसरा पीळ अगदी चिमुकल्या जागी पडतो. वृषणाच्या वरच्या टोकाला बारीक देठावर लोंबणारं काही मिलीमीटरचं एक बोंड असतं. त्याला अपेंडिक्स टेस्टिस म्हणतात. पोटातल्या अपेंडिक्सशी त्याचं काही नातं नाही, पण नावामुळे घरोघरी घोळ होतो. ‘अपेंडिक्स आहे आणि ऑपरेशन नको म्हणतात, हे कसले डॉक्टर’ असं एका आजोबांनी मला तोंडावर ऐकवलं होतं. हे बोंड बहुतेक मुलग्यांना असतं. गर्भात सुरुवातीला मुलगा असो की मुलगी, दोघांत एक नळी तयार होते. मुलीत तिचा पुढे गर्भाशय आणि गर्भनलिका होतात. मुलात वृषणातून येणारं एक संप्रेरक ती नळी विरघळवून टाकतं, पण तिचं एक टोक मागे राहून जातं. तेच हे बोंड. त्याला शरीरात काही काम नाही.

साधारण सात ते बारा वर्षांच्या दरम्यान, वयात येण्याच्या आधी, हे बोंड थोडं फुगतं असं मानतात. बारीक देठावर जड डोकं आलं की ते फिरतं. देठाला पीळ बसला की बोंडाचं रक्त तुटतं आणि ते काळं पडतं. काही मुलांना संशयावरून ऑपरेशन टेबलावर घ्यावं लागतं आणि आत हेच निघतं, तेव्हा मी ते चिमट्यात धरून पाहिलंय. मिऱ्याच्या दाण्याएवढं, पिकलेल्या करवंदाच्या रंगाचं, आणि त्याच्या खाली वृषण मात्र गुलाबी आणि ठणठणीत. तुमच्या मुलाचं दुखत होतं ते या मिऱ्याएवढ्या दाण्याचं. वृषणाच्या दोरीला धक्काही लागला नव्हता, म्हणून ऑपरेशन लागलं नाही.

दुखणं मात्र खरं असतं, आणि मूल त्याच पद्धतीने कण्हतं. मग ओळखायचं कसं?

सोमवारी तुमच्या डॉक्टरांनी काय काय केलं ते आठवून बघा. त्यांनी मुलाला आडवं करून चड्डी पूर्ण उतरवली असेल. आधी दुखत नसलेली डावी बाजू हातात घेतली असेल, म्हणजे मूल घाबरत नाही आणि नेहमीची गोळी कशी लागते ते बोटांना कळतं. मग मांडीच्या आतल्या बाजूने बोट किंवा पेनाचं मागचं टोक हळूच फिरवलं असेल. असं केलं की त्या बाजूची गोळी आपोआप वर सरकते. दहा वर्षांची मुलं याला हसतात, ‘परत कर’ म्हणतात. खऱ्या टॉर्शनमध्ये ही हालचाल बहुतेक वेळा बंद पडते. बोंडाच्या पिळात ती बहुधा शाबूत असते. ‘बहुधा’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. काही धडधाकट मुलांतही ती नीट दिसत नाही, आणि क्वचित पीळ असूनही दिसते. एवढ्यावरून निकाल देणारा डॉक्टर कधीतरी फसतो.

त्यानंतर एका बोटाने वृषण खालून वरपर्यंत चाचपलं असेल. हा खरा कस. खऱ्या टॉर्शनमध्ये अख्खी गोळी कडक आणि हात लावू न देण्याइतकी दुखरी असते. ती दुसऱ्या बाजूपेक्षा वर खेचली गेलेली असते, कधी आडवी पडलेली असते. बोंडाच्या पिळात, निदान सुरुवातीला, खालचं टोक मऊ असतं, मधला भाग मऊ असतो आणि बोट वरच्या टोकाशी आलं की मूल एकदम हात धरतं. तिथे वाटाण्याहून लहान, टणक, अतिशय दुखरा दाणा लागतो. बाकी गोळी दुखत नाही आणि तो एक बिंदू दुखतो, हे निळ्या ठिपक्यापेक्षा जास्त मोलाचं आहे.

आता तो ठिपका. डॉक्टर वृषणाच्या वरच्या टोकावर कातडी बोटांनी ताणून पातळ करतात आणि बाजूने उजेड टाकतात. तेव्हा काळं पडलेलं बोंड कातडीतून निळं झिरपल्यासारखं दिसतं. दिसलं की तपासणाऱ्याला बरं वाटतं हे खरं. पण साधारण पाच मुलांत एकालाच ते दिसतं. एकदोन दिवसांत आजूबाजूला सूज येते, पाणी साठतं आणि ठिपका झाकला जातो. आपल्याकडच्या सावळ्या कातडीत तो आणखी लपतो. म्हणजे ठिपका नाही म्हणून बोंडाचा पीळ नाही असं म्हणता येत नाही.

आणि ठिपका आहे म्हणून खरं टॉर्शन नाही, असंही घरच्या घरी म्हणता येत नाही. कारण घरी जे निळं दिसतं ते कातडीतली नीला असू शकते, मार लागून साकळलेलं रक्त असू शकतं, किंवा फुगलेल्या वृषणाचाच रंग असू शकतो. एका बाजूची पिशवी सगळीच निळसर-जांभळी होणं ही तर वेगळी आणि वाईट गोष्ट. ठिपक्याला अर्थ येतो तो खालची गोळी मऊ, न दुखणारी आणि आपल्या जागी आहे हे कुणीतरी जाणत्या हाताने पाहिल्यावर. नेटवर वाचलेल्या वाक्यातून नेमका हाच अर्धा भाग गळला होता.

सोनोग्राफीत डॉक्टरांनी रक्तप्रवाह पाहिला असेल. पडद्यावर लाल-निळे रंग उमटतात ती डॉप्लर तपासणी. बोंडाच्या पिळात वृषणाचा प्रवाह शाबूत असतो, उलट आसपास दाह असल्याने थोडा वाढलेलाही दिसतो, आणि शेजारी एक छोटा गोल दाणा दिसतो ज्याच्या आत प्रवाह नाही. खऱ्या टॉर्शनमध्ये वृषणातलाच प्रवाह गायब किंवा मंद होतो, आणि वर दोरी भोवऱ्यासारखी गुंडाळलेली दिसते. इथेही एक मेख आहे. पीळ नुकताच पडला असेल किंवा अर्धवट असेल तर प्रवाह चालू दिसू शकतो. म्हणून लक्षणं स्पष्ट असतील तर सर्जन सोनोग्राफीसाठी थांबत नाही, आणि संशय फिटत नसेल तर सोनोग्राफी ‘नॉर्मल’ असूनही पिशवी उघडून बघतो. उघडून आत नुसतं मिऱ्याएवढं बोंड निघालं तर आम्हाला त्याची लाज वाटत नाही. ते काढून टाकायचं, दोन दिवसांत मूल घरी. न उघडता वृषण गेलं तर मात्र झोप लागत नाही.

माझी एक रात्र सांगतो. रात्र त्या मुलाची होती, माझ्या वाट्याला दुसऱ्या दिवसाची दुपार आली.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. आषाढातला पाऊस, सत्तरी तालुक्यातलं एक आतलं गाव, तेरा वर्षांचा मुलगा. रात्री दोनला झोपेतून कळवळून उठला आणि ओकला. आईने विचारलं, कुठे दुखतं? म्हणाला, ‘पोटात दुखता.’ खोटं नव्हतं ते. वृषणाच्या वेदना ओटीपोटात जाणवतात, कारण गर्भात ती पोटातच तयार होऊन खाली उतरलेली असतात आणि त्यांच्या नसा अजून तिथूनच येतात. पण खालीही दुखत होतं, आणि तेरा वर्षांचा मुलगा आईला ते सांगत नाही. आईने ओव्याचं पाणी दिलं, पोटाला तेल चोळलं. पहाटे आणखी एकदा ओकला. आदल्या दिवशी जेवणात सुंगटं होती, तेव्हा दोष सुंगटांवर गेला.

सकाळी नऊला जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे पोट दाबून बघितलं, पेटके कमी होण्याचं इंजेक्शन आणि उलटीची गोळी दिली. चड्डी खाली करून बघितली नाही. त्या डॉक्टरला मी दोष देत सुटणार नाही. बाहेर ओळीत वीस तापाचे रुग्ण असताना आपणही कधी ना कधी हेच केलेलं असतं. पण पोटात दुखतंय म्हणणाऱ्या प्रत्येक मुलग्याची चड्डी उतरवून बघायची, हा नियम मी त्या दिवसापासून शिकाऊ डॉक्टरांना रागावून सांगत आलो.

इंजेक्शनने तासभर बरं वाटलं. दुपारी एकला मुलगा लघवीला उठला तर त्याला पाय जवळ घेऊन चालता येईना. मामा घरी आला होता, त्याने सरळ विचारलं, ‘गोळ्या दुखतात काय रे?’ मुलगा रडायला लागला. मामाने बघितलं तर डावी बाजू लाल, सुजलेली, वर चढलेली. गाडी काढून निघाले. माझ्यासमोर आला तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. म्हणजे तेरा तास.

मांडीवर बोट फिरवलं, काही हललं नाही. गोळी दगडासारखी. सोनोग्राफीला पाठवलं नाही, थेट भूल देऊन उघडलं. दोरीला पुरते दोन वेढे होते. पीळ सोडवला. वृषण काळं होतं, कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडात गुंडाळून ठेवलं आणि थांबलो. वाचणारं वृषण अशा वेळी हळूहळू रंग बदलतं, जांभळ्यावरून गुलाबीकडे येतं. तोवर उजव्या बाजूचं काम करून घेतलं. परत बघितलं तर काळं ते काळंच. वरच्या आवरणाला बारीक छेद दिला, लाल रक्त यायला हवं होतं, आलं नाही. काढून टाकावं लागलं.

उजव्या बाजूचं काम का, ते सांगायला हवं. सहसा वृषणाची मागची बाजू पिशवीच्या भिंतीला चिकटलेली असते, म्हणून ते फिरत नाही. काही मुलांत ते आवरण वृषणाला चारही बाजूंनी वेढून वर दोरीवर बसतं. मग गोळी देवळातल्या घंटेच्या लोळ्यासारखी मोकळी लटकते आणि कधीही गिरकी घेऊ शकते. ही जन्मजात रचना बऱ्याचदा दोन्हीकडे असते. त्या मुलाची उजवीकडेही तशीच निघाली. न विरघळणाऱ्या धाग्याचे तीन टाके घालून ती भिंतीला पक्की केली. एका वृषणावर संप्रेरकं आणि मूलबाळ दोन्ही व्यवस्थित चालतं, पण ते एक सुरक्षित हवं.

त्या मुलाशेजारी तुमचा मुलगा ठेवून बघा. तो तेरा वर्षांचा, तुमचा दहा. खरं टॉर्शन जास्त करून बारा ते अठरा या वयात होतं, शिवाय नवजात बाळांत. पण दहाव्या वर्षी होतच नाही असं कुणी लिहून देणार नाही, दोन्ही वयं एकमेकांत शिरलेली आहेत. तो झोपेतून एकदम उठला, ओकला. तुमच्या मुलाचं संध्याकाळी हळूहळू वाढलं आणि पत्रात ओकारीचा उल्लेख नाही. त्याला पाय टाकता येत नव्हता. तुमचा बहुतेक रविवारी घरात हिंडत असणार. हे सगळं मागे वळून बघताना छान जुळतं. शनिवारी रात्री, एरंडाचं पान हातात असताना, यातलं काहीच पक्कं सांगता आलं नसतं. खऱ्या टॉर्शनमध्येही काही मुलं ओकत नाहीत. काहींचा पीळ पडतो, सुटतो, परत पडतो, आणि मधल्या वेळात मूल खेळतंही.

ही झाली रविवारची चूक. ठिपका बघून थांबणं ही खरं तर शनिवारच्या थांबण्याची पुढची पायरी होती. चेंडू लागला असेल या समजुतीने बरीच वृषणं गेली आहेत, कारण खेळणाऱ्या मुलाला कधी ना कधी चेंडू लागलेलाच असतो. मार लागला असेल तर दुखणं तासाभरात उतरायला हवं. उतरत नसेल तर ते माराचं धरायचं नाही. शेक देण्याबद्दल सासूबाईंना रागावू नका, पण पिळावर त्याचा उपयोग नाही आणि शेकताना जाणारा वेळ मोजून घेतला जातो.

परत दुखलं तर काय, याचं उत्तर आता लहान आहे. उजव्या बाजूचं ते बोंड मेलं, त्याला पुन्हा पीळ पडणार नाही. डाव्या बाजूला असंच बोंड असेल तर त्याला क्वचित पडू शकतो. खऱ्या टॉर्शनचा धोका तुमच्या मुलाला वर्गातल्या इतर मुलांएवढाच आहे, या आजारामुळे तो वाढलेला नाही. त्यामुळे दोन्हीपैकी कुठल्याही बाजूला अचानक दुखायला लागलं तर मागच्या वेळी काहीच निघालं नव्हतं हे विसरायचं आणि त्याच तासाला निघायचं. मग रात्रीचे दोन असोत की चवथीचा दिवस असो, आणि ठिपका दिसो न दिसो.

डिचोलीहून बांबोळीच्या गोमेकॉत पोहोचायला पाऊण-एक तास लागतो. तिथे मुलांचे सर्जन आहेत. जवळच्या दुसऱ्या इस्पितळात जाणार असाल तर निघतानाच फोन करून विचारा, आत्ता या क्षणी सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर आहेत का. नसतील तर तिथे थांबून चिठ्ठी घेण्यात वेळ घालवू नका. गाडी नसेल तर 108. निघाल्यापासून मुलाला खायला-प्यायला काही देऊ नका, कदाचित भूल द्यावी लागेल. पण नुकतं जेवलाय म्हणून घरी बसूही नका, त्याची काळजी भूल देणारे घेतात. पहिल्याच माणसाला दुखणं कधी सुरू झालं ते घड्याळाच्या वेळेनुसार सांगा: ‘कालपासून’ नको, ‘काल रात्री आठला’. आणि ‘पोटात’ म्हणू नका, जागेचं नाव घ्या.

तुमच्या मुलाशीही ते नाव घेऊन बोला. नाहीतर त्याच्या बाबांनी किंवा मामाने बोलावं. दोन-तीन वर्षांनी तो तुमच्याकडून अंघोळ घालून घेणार नाही, तेव्हा बघणारं दुसरं कुणी नसेल. ‘खाली कधी एकदम दुखलं तर रात्रीही उठव, लाजायचं नाही’ एवढं वाक्य पुरतं.

मूलबाळ होण्याबद्दलची शंका मनातून काढून टाका. त्या बोंडाचा वीर्याशी किंवा संप्रेरकांशी काही संबंध नाही. ते असो, मरो किंवा काढून टाकलेलं असो, फरक पडत नाही.

आत्ताचं औषध योग्य चाललंय. वजनाच्या हिशेबाने दिलेलं आयबुप्रोफेन जेवणानंतर, किंवा पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन लहान मुलाला देऊ नका. चड्डी जरा घट्ट बसणारी घाला, म्हणजे भार पेलला जातो. दुखणं साधारण आठवडा-दहा दिवसांत जातं, सूज त्याहून थोडी रेंगाळते, तेव्हा ती अजून आहे याचं नवल नाही. पण एकदा डॉक्टरांना दाखवून या. पंधरा दिवसांनी सूज ओसरताना दिसायला हवी, वाढताना नव्हे. ती गेली आणि धावताना दुखत नसलं की फुटबॉलला सोडा. कुणी मधेच अँटिबायोटिक सुरू करायला सांगितलं तर कारण विचारा. सूज आणि लाली बघून याला बऱ्याचदा जंतुसंसर्ग समजतात, पण लघवीला जळजळ नाही, ताप नाही, अशा दहा वर्षांच्या मुलात तो क्वचितच असतो आणि मेलेल्या बोंडावर त्या औषधाचं काही काम नसतं.

एक गोष्ट पुढे कधीतरी घडू शकते म्हणून आताच सांगून ठेवतो. ते मेलेलं बोंड बहुतेक वेळा आक्रसून विरून जातं. कधी कधी ते देठापासून सुटतं, त्यावर चुन्याचा थर चढतो आणि पिशवीत एक टणक दाणा सुटा फिरत राहतो. मोठा झाल्यावर अंघोळ करताना त्याला तो बोटाला लागेल आणि गाठ समजून तो घाबरेल. वृषणापासून वेगळा, न दुखणारा, सरकणारा दाणा असेल तर बहुधा तो हाच. तरी एकदा सोनोग्राफी करून घ्यायची, आणि त्या वेळी दाखवायला त्या सोमवारचा कागद जपून ठेवा.